डिसेंबरचा नफा फेब्रुवारीत आलेल्याला द्यायचा का?

भागीदारीत पैसे कमी-जास्त आणि मागेपुढे आले की वाटणीचे दोन रस्ते उरतात. एक शाळेत शिकलेला, रक्कम गुणिले महिने. दुसरा, नवे पैसे आले की त्या दिवशी हिशेब बंद करून टप्प्याटप्प्याने वाटायचा.

मोरजीतलं एक हॉटेल घेऊ, ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा सीझन. थोरल्या भावाचे ४ लाख पहिल्या दिवसापासून, मेव्हण्याचे ३ लाख १ डिसेंबरला, शेजाऱ्याचे ५ लाख १ फेब्रुवारीला. नफा ७ लाख. गुणाकार येतो ३२, १८ आणि २०. म्हणजे भावाला ३,२०,०००, मेव्हण्याला १,८०,०००, शेजाऱ्याला २,००,०००. पाच मिनिटांचं काम. मधे कुणी पैसे काढले तरी जितके महिने जितकी रक्कम होती तेवढीच धरायची.

पण ह्या रीतीत सगळे महिने सारखे कमावतात असं गृहीत धरलेलं असतं. पर्यटकांच्या धंद्यात तसं होत नाही, आणि मला तरी हीच गोष्ट सर्वांत खटकते. समजा ऑक्टोबर-नोव्हेंबरला ४०,०००, डिसेंबर-जानेवारीला ४,२०,००० आणि फेब्रुवारी ते मे २,४०,००० सुटले. टप्प्याने वाटलं तर पहिला टप्पा एकट्या भावाचा, दुसरा ४:३, तिसरा ४:३:५. बेरीज भावाला ३,६०,०००, मेव्हण्याला २,४०,०००, शेजाऱ्याला १,००,०००. गुणाकाराने शेजाऱ्याच्या हातात बरोबर दुप्पट पडले होते, आणि ते ज्या गर्दीच्या दिवसांतून आले तेव्हा त्याचा पैसा धंद्यात नव्हताच.

टप्प्याच्या हिशेबाला मेहनत लागते हे खरं. नवा भागीदार येईल त्या रात्री बाटल्या, सिलिंडर, किराणा मोजावा लागतो, मासळीवाल्याची उधारी आणि आगाऊ बुकिंगचे पैसे लिहावे लागतात. सगळ्यांत जास्त चूक भाड्यात होते. सीझनचं २,४०,००० भाडं ऑक्टोबरलाच भरलं म्हणून तिथेच खर्ची टाकलं, तर पहिल्या टप्प्यात ४०,००० नफ्याऐवजी १,४०,००० तोटा दिसतो आणि तो सगळा भावाच्या माथी बसतो. ते महिन्याला ३०,००० असं पसरायचं. एखाद्या टप्प्यात अचानक मोठा तोटा दिसला की आधी आगाऊ भरलेले खर्च तपासावेत.

तिसरी रीत, भांडवलावर आधी व्याज देऊन उरलेलं समान वाटायचं, ही सगळे सारखे राबत असतील तिथे शोभते. वर्षाला १२ टक्के धरले तर वरच्या तिघांना २,४२,०००, २,२८,००० आणि २,३०,००० मिळतील. कोण कधी आला ह्याचा फरक जवळपास पुसला जातो.

बारा महिने सारखं चालणारं किराणा दुकान असेल तर गुणाकारच पुरे, उगाच माल मोजत बसू नये. सीझनच्या धंद्यात मात्र मी टप्प्याकडे झुकेन. जी रीत ठरेल ती पैसे देण्याआधी करारपत्रात घाला, कारण काहीच ठरलेलं नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम १३ नफा समान वाटतं, मग कुणी ३ लाख घातलेले असोत की ५.