नाक वंशाचं की हवेचं?

नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या ओल्या ताट्यांतून कोरडी हवा दमट होऊन खोलीत येते. नाकाचं आतलं ओलं अस्तर हेच काम करतं. वाट अरुंद असली की हवा अस्तराला जास्त भिडते, जास्त ओलावा घेते आणि मग फुप्फुसात उतरते.

नाकाची रुंदी वंशाने ठरते की हवामानाने, ही दोन स्पष्टीकरणं आता ताडून पाहू. वंशाचा हिशेब घाना आणि सोमालिया एकाच ‘काळ्या’ रकान्यात टाकतो. पण दमट घानात नाकं सरासरीने रुंद, कोरड्या सोमालियात अरुंद. इथे अडल्यावर जुन्या युरोपीय अभ्यासकांनी बाहेरून आलेला ‘हॅमिटिक’ वंश कल्पिला. मला ती निव्वळ पळवाट वाटते. हवामानाला असं ठिगळ लागत नाही. आर्क्टिकची थंड हवाही कोरडीच, आणि इनुइट लोकांची नाकंही अरुंद.

हातपाय मात्र अंगातली उष्णता टाकायची की राखायची, यावर ठरतात. म्हणून नाक जुळूनही सोमाली अंगकाठी लांबट, इनुइट आखूड नि भरीव. अर्थात ही सगळी सरासरी आहे. एकट्या माणसाच्या नाकावरून त्याचा मुलूख ओळखता येत नाही, आणि पायांची लांबी बालपणीच्या आहारानेही बदलते.