‘सगळे मिळून ४९,४००’ : घरी ठेवलेल्या रुग्णाच्या नावावर झालेली आमची फसवणूक

घरी सेवेसाठी माणूस पुरवणाऱ्या ब्यूरोने महिन्याचा एकच गोल आकडा सांगितला, की त्या आकड्याखाली काय दडवलेले आहे हे विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. हे मी रागाने लिहीत आहे, आणि त्याहूनही अधिक संकोचाने, कारण मी निवृत्तीपर्यंत बँकेत आकडेमोडच केली आणि तरीही एका साध्या बिलात आमचे पैसे बुडाले. कुटुंबाने एकूण १,३९,४५० रुपये भरले. त्यांतले ३८,५०० रुपये ब्यूरोकडे सरळसरळ अडकलेले आहेत, आणि जे ‘खर्च झाले’ म्हणून दाखवले गेले त्यांतलाही बराच भाग कधी खर्च झालेलाच नव्हता.

माझे वडील ८२ वर्षांचे. पक्षाघातानंतर जुलैअखेरीस त्यांना पुण्यातल्या एका रुग्णालयातून घरी सोडले, तेव्हा नाकातून अन्नाची नळी, लघवीसाठी कॅथेटर आणि उजवी बाजू पूर्ण लुळी अशी स्थिती होती. ब्यूरोचे कार्ड वॉर्डातल्याच एका कर्मचाऱ्याने हातात ठेवले. डिस्चार्जच्या दिवशी बिल भरणे, रुग्णवाहिका बोलावणे आणि घरी पलंग लावणे एकाच दुपारी करायचे असते, आणि हे धंदेवाले नेमकी तीच दुपार गाठतात. चार ठिकाणी दर विचारून पाहण्याची उसंत कोणालाही नसते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

त्यांच्या समन्वयक बाईंनी लिहून दिलेला हिशेब असा होता : चोवीस तासांच्या ‘प्रशिक्षित सिस्टर’चे २८,६००, उपकरणांचे भाडे १२,८००, औषधे व साहित्य ‘अंदाजे’ ८,०००, म्हणजे ‘ताई, सगळे मिळून ४९,४००’. उपकरणांत पलंगाचे ३,५००, हवेच्या गादीचे १,५००, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे ६,००० आणि सक्शन मशीनचे १,८०० असे महिन्याचे भाडे धरले होते. शिवाय नोंदणीचे ५,००० परत न मिळणारे, आणि उपकरणांसाठी अनामत १५,०००. २८,६०० या आकड्याशेजारी त्याच कागदावर पेन्सिलीने ‘२६’ लिहिलेले होते. मी विचारले, तेव्हा ‘ते आमच्या ऑफिसचे गणित आहे’ असे उत्तर मिळाले. दिवसाचा दर १,१०० आणि दिवस २६, एवढाच त्याचा अर्थ होता. महिन्याच्या उरलेल्या दिवसांसाठी येणाऱ्या ‘रिलिव्हर’चा दर १,५०० होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. त्या २६ या आकड्यापाशी मी थांबायला हवे होते, हे मला आजही डाचते. पण वडील स्ट्रेचरवर आणि रुग्णवाहिकेचा चालक गाडी हलवा म्हणून ओरडत असताना कोणता माणूस २६ला १,१०० ने गुणून पाहील, हे मला कोणीतरी सांगावे.

ऑगस्टअखेरीस बिल आले ७०,०५० रुपयांचे. ‘सिस्टर’ म्हणून पाठवलेल्या मावशींचे २८,६००, पाच रिलिव्हर दिवसांचे ७,५००, भाडे १२,८००, उपकरणे पोहोचवण्या-बसवण्याचे २,०००, सिस्टरच्या दोन भेटींचे १,८००, आणि औषधे व साहित्य १७,३५०. ४९,४०० आगाऊ घेतलेलेच होते, तेव्हा वरचे २०,६५० आणि सप्टेंबरचे आगाऊ ४९,४०० त्यांनी लगेच मागितले. मी दोन्ही भरले, कारण त्याच संध्याकाळी ‘पैसे आले नाहीत तर उद्यापासून माणूस येणार नाही’ असा फोन आला होता, आणि दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर वडिलांच्या माकडहाडाशी शय्याव्रण होणार हे मला दिसत होते.

बिल मी नीट वाचले ते पैसे भरल्यानंतर. १७,३५० मध्ये औषधे ४,४८०, हातमोजे, अंडरपॅड वगैरे ४,५००, आणि डायपर ८,३७०. प्रत्येकी ४५ रुपयांचे १८६ डायपर, म्हणजे ३१ दिवस रोज सहा. ज्या माणसाला कॅथेटर लावलेला आहे त्याची लघवी पिशवीत जाते, त्यामुळे डायपर फक्त शौचासाठी लागतो. अशा रुग्णाला दिवसाला दोन पुरतात, आणि नळीच्या आहाराने जुलाब लागले तर त्या दिवसापुरते एक-दोन जास्त. आमच्या कपाटात कधीही सहाच्या हिशेबाने डायपर आलेच नव्हते. दोनप्रमाणे खर्च २,७९० होतो, म्हणजे ५,५८० रुपये निव्वळ कागदावर वापरले गेले. ही चोरी पकडायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. पलंगाला लटकलेली लघवीची पिशवी आणि बिलातली डायपरची संख्या एकत्र पाहायची, एवढेच. साहित्य तुमच्या हातात मोजून घ्या आणि आलेल्या प्रत्येक पुडक्यावर तारीख घाला.

कॉन्सन्ट्रेटरची गोष्ट याहून चीड आणणारी आहे. डिस्चार्ज कार्डावर ऑक्सिजनचा उल्लेखच नव्हता आणि साध्या हवेत वडिलांच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ९६ टक्के होते. ‘काकांचे वय पाहता असलेला बरा’ एवढ्यावर आमच्याकडून दरमहा ६,००० घेतले गेले, आणि म्हाताऱ्या माणसासाठी असलेल्या बऱ्या गोष्टीला नाही म्हणणारी मुलगी व्हायला कोणालाच आवडत नाही. या यंत्राला वाहनाच्या किलोमीटरसारखा तासांचा मीटर असतो. देताना चलनावर ६,४१२ तास लिहिले होते, आणि ऑगस्ट संपताना मीटर ६,४१९ दाखवत होता. महिनाभरात सात तास चाललेल्या यंत्राचे सहा हजार! डॉक्टरांनी लिटरमध्ये मात्रा लिहून दिल्याशिवाय हे यंत्र घरात घेऊ नका, आणि लिहून दिली असेल तर मीटरचा फोटो पहिल्याच दिवशी काढा.

हवेच्या गादीचेही तसेच. पंपासह नवी गादी आम्ही नंतर ३,८०० रुपयांना विकत घेतली. १,५०० भाड्याने तीन महिन्यांत गादीची किंमत वसूल होते, आणि पक्षाघाताचा रुग्ण तीन महिन्यांत उठून चालू लागेल असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाही. पलंग आणि सक्शन मशीन भाड्यानेच घेणे परवडते, पण ते ब्यूरोकडून कशाला? आपल्याकडे धर्मादाय संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत, तिथे अनामत ठेवून नाममात्र भाड्याने हीच वस्तू मिळते.

आता ‘प्रशिक्षित सिस्टर’. आलेल्या मावशी मायाळू आणि कष्टाळू होत्या, त्यांच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. मात्र त्या सिस्टर नव्हत्या. अंग पुसणे, कूस बदलणे, नळीतून आहार देणे ही कामे प्रशिक्षित मदतनीस करू शकतात. नळी घालणे, कॅथेटर बदलणे, इंजेक्शन देणे यासाठी नोंदणीकृत परिचारिकाच लागते, आणि तिच्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. कॅथेटर बदलायला ९०० रुपये घेऊन आलेल्या मुलीला मी क्रमांक विचारला, तेव्हा ‘ऑफिसला विचारा’ म्हणाली. ऑफिसने कधीच सांगितला नाही. मावशींना आमच्या १,१०० मधले ६०० मिळत होते, हे त्यांनीच एकदा भाजी निवडताना सांगितले.

मी लेखी आक्षेप पाठवला आणि ९ सप्टेंबरच्या रात्री मावशींना काढून घेण्यात आले. हिशेब सोपा आहे. सप्टेंबरचे २८,६०० भरले होते, नऊ दिवसांचे ९,९०० होतात, म्हणजे १८,७०० परत यायला हवेत. साहित्याच्या ८,००० पैकी ३,२०० चेच आले, म्हणजे आणखी ४,८००. उपकरणे त्यांचीच माणसे घेऊन गेली, तेव्हा अनामत १५,०००. एकूण ३८,५००. उत्तर काय आले, तर पंप बिघडला, पलंगाला ओरखडे आले, सूचना न देता सेवा बंद केली. सेवा कोणी बंद केली?

यानंतर जे झाले त्याने फसवणुकीपेक्षा जास्त मनस्ताप दिला. पोलीस चौकीत अर्ज वाचण्यापूर्वीच ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगितले. रुग्णालयाने ब्यूरोशी आपला काहीही संबंध नाही असे कळवले, मग त्यांच्याच वॉर्डात कार्ड कसे वाटले जाते याचे उत्तर दिले नाही. आरोग्य खात्याच्या कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवून शेवटी समजले ते असे, की नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याने होते, पण घरी माणसे पाठवणारा ब्यूरो त्या अर्थाने नर्सिंग होम नाही, म्हणून तो त्यांच्याकडे येत नाही. मग तो कोणाकडे येतो, हे सांगायला कोणीही तयार नव्हते. ब्यूरोच्या भिंतीवर ‘सरकारमान्य’ म्हणून चौकटीत लावलेला कागद होता, तो शॉप अ‍ॅक्टचा. २०१७ च्या त्या कायद्याप्रमाणे थोडेच कामगार असलेल्या आस्थापनेने फक्त ऑनलाइन माहिती कळवायची असते, आणि त्या कळवल्याच्या पावतीला मान्यता म्हणून मिरवले जाते. रुग्णाच्या नाकात नळी घालणाऱ्याला आणि वडापावच्या दुकानदाराला एकच कागद पुरतो!

विम्याकडूनही आशा नव्हती. मदतनिसाचा पगार पॉलिसीत बसत नव्हता हे आधीच माहीत होते, पण डिस्चार्जनंतरच्या औषधांचे पैसेही गेले, कारण ब्यूरोच्या बिलावर औषधांचा बॅच क्रमांक नव्हता, मुदत नव्हती, विक्रेत्याचा परवाना क्रमांकही नव्हता. औषधे नेहमीच्या केमिस्टकडूनच घ्या. ब्यूरोला त्या व्यवहारात शिरूच देऊ नका.

आता आमचा महिना असा पडतो : मावशी आणि त्यांच्या सुटीच्या दिवशी येणाऱ्या दुसऱ्या बाई, दोघींना ९५० च्या एकाच दराने तीस दिवसांचे २८,५००, पलंग ६०० आणि सक्शन ४०० भाड्याने, औषधे ३,१००, ३८ रुपयांचे साठ डायपर २,२८०, इतर साहित्य १,४००, नोंदणीकृत परिचारिकेची एक भेट ८००. बेरीज ३७,०८०. याशिवाय मावशींच्या जेवण-चहाचे सुमारे ३,५०० वेगळे धरावे लागतात, आणि ते कोणताही ब्यूरो कधीच सांगत नाही. दर विचारताना दिवसाचा विचारा, सुटीच्या दिवसाचा वेगळा विचारा, आणि ३१ दिवसांच्या महिन्याचे बिल आधीच लिहून मागा. कोणी द्यायला कचरला, तर तिथेच उठा.

ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर शुल्क लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. नोटिशीला ब्यूरोने दिलेल्या उत्तरात १८६ डायपर ‘रुग्णाच्या गरजेनुसार वापरले गेले’ असे म्हटले आहे. त्या उत्तराला मी डिस्चार्ज कार्डाचे ते पान जोडले आहे ज्यावर कॅथेटर घातल्याची तारीख आहे, आणि सोबत ब्यूरोच्याच बिलातली कॅथेटर बदलल्याच्या ९०० रुपयांची ओळ.