तिसऱ्या दिवसाचं रडू आणि सहाव्या आठवड्याचं

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिंकाचा लाडू पुढे केला तरी डोळे भरतात, पण तासाभरात तीच बाई बाळाकडे बघून हसते. हे बेबी ब्लूज. दोन आठवड्यांत औषधाविना ओसरतं.

नैराश्य तसं ओसरत नाही. सहाव्या आठवड्यातही बाळ झोपलेलं असताना तिला झोप लागत नाही, लाडू तसाच पडून राहतो. हे नैराश्य ओळखायला वापरतात त्या एडिनबरा प्रश्नावलीत गेल्या 7 दिवसांबद्दल 10 प्रश्न असतात. 30 पैकी 13 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांनी तपासायलाच हवं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे ‘हो’ आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. नैराश्य सौम्य असेल तर समुपदेशन, जास्त असेल तर सोबत बहुधा सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध. ते दुधात फार कमी उतरतं, म्हणून अंगावर पाजणं सहसा थांबवावं लागत नाही.