रशियन औषध-पत्रक तपासायचं कसं: उलट भाषांतर की शेजारी मूळ ठेवून वाचन?

पॅरासिटामॉल 500 मिग्रॅचं उदाहरण घ्या, रशियनमध्ये आणलेल्या पत्रकाच्या मूळ इंग्रजीत लिहिलंय की 24 तासांत 8 पेक्षा जास्त गोळ्या नको आणि दोन डोसमध्ये निदान 4 तास हवेत. उलट भाषांतरात दुसरा माणूस मूळ न बघता रशियनवरून परत इंग्रजी करतो, त्यामुळे "नको"मधला नकार गळला किंवा 8 चे 6 झाले की लगेच दिसतं. पण भाषा बिघडलेली असेल तर तो नकळत सुधारूनच टाकतो, म्हणजे चूक पत्रकात तशीच राहते. सिरपचं 2.5 मिली बघा ना, रशियनमध्ये तिथे स्वल्पविराम लागतो, 2,5 असं, टिंब राहिलं तरी परत येताना 2.5 च येतं आणि कोणाला पत्ताच नाही.

शेजारी मूळ ठेवून वाचणाऱ्याला हे दिसतं. रशियनमधलं "व सुत्की" म्हणजे पूर्ण 24 तासांत, त्याजागी "व देन" म्हणजे नुसतं "दिवसाला" असेल तर रात्रीच्या गोळ्या त्यात धरायच्या की नाही हा घोळ, तोही तो पकडतो. फक्त मूळ डोळ्यासमोर असल्याने गळलेला नकार मनातच भरून वाचायची भीती असते. मी तर डोस आणि इशाऱ्यांची तेवढी वाक्यं उलट भाषांतराला देईन, बाकी सगळं शेजारी वाचून, आणि तेही मातृभाषा रशियन असलेल्या फार्मासिस्टकडूनच.