डेमो त्याच्याच पेनाचा होता

दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत आमच्या चार वर्षांच्या लेकीने तिच्या खोलीची भिंत रंगवून ठेवली. खाली मेणाचे खडू, वर माझा काळा परमनंट मार्कर. भिंतीला फिकट निळा इमल्शन. सोसायटीच्या ग्रुपवरची जाहिरात बघून एकाला बोलावलं. ‘रंगाला धक्का न लावता डाग गायब’, ३,५०० रुपये, अर्धे आगाऊ.

आल्या आल्या त्याने बॅगेतून स्वतःचं स्केचपेन काढून भिंतीवर रेघ मारली आणि बिनलेबलच्या बाटलीतलं काहीतरी फडक्यावर घेऊन पुसली. रेघ गेली, मी पैसे दिले. मुलांच्या धुता येणाऱ्या स्केचपेनात पाण्याची शाई असते, ती नुसत्या ओल्या फडक्यानेही जाते, हे तेव्हा सुचलंच नाही. ‘पोरीच्या रेघेवर करून दाखवा’ एवढंच म्हणायचं होतं.

खऱ्या कामाला दुसरी बाटली निघाली. खोलीभर थिनरचा वास. “वास येणारच मॅडम, इंपोर्टेड आहे.” ओली असेपर्यंत भिंत स्वच्छ दिसत होती. तेवढ्यात उरलेले पैसे घेऊन तो गेलाही. भिंत वाळली आणि ढगांसारखे पांढरे पट्टे उमटले. थिनर मार्करची शाई विरघळवतो तसा इमल्शनही सोडवतो. डागाबरोबर रंगच निघून खालची पुट्टी दिसत होती. आणि खूण तर डोळ्यांसमोर होती: मार्कर काळा, पण त्याचं फडकं निळं झालं होतं! फोन केला तर म्हणाला, तुमचा रंगच हलका आहे, ९,००० रुपयांत रंगवून देतो.

कपाटाच्या बाजूची पट्टी सुदैवाने वाचली होती. आमच्या जुन्या पेंटरकाकांनी आधी कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं घासायला लावलं. फडक्याला रंग लागला तर डिस्टेंपर समजायचा आणि पाणीही लावायचं नाही. आमच्या फडक्याला काही लागलं नाही. मग हेअर ड्रायरने खडूचं मेण जरा मऊ करून टिश्यूने टिपलं, घासलं नाही. राहिलेलं कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून हलक्या हाताने पुसलं. खडू जवळजवळ सगळा गेला. जादूचा पांढरा स्पंज वापरायचा मोह झाला होता, पण तो बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो, मॅट भिंतीवर चकाकणारा डाग पडतो.

परमनंट मार्कर मात्र रंग न दुखवता निघत नाही, हे काकांनी तोंडावर सांगितलं. सॅनिटायझरसुद्धा नको, त्यातल्या अल्कोहोलनेही इमल्शन मऊ पडतो. थेट रंग मारला तर शाई पुन्हा वर येते, म्हणून त्यांनी रेघांवर ऑइल प्रायमरचा हात दिला, वाळू दिला आणि माळ्यावरच्या डब्यातल्या उरलेल्या निळ्याने दोन हात मारले. मोठ्या भिंतीवर मात्र पुट्टीपासून काम निघालं.