कोणता स्तंभ पुढे ठेवायचा? फिक्स्ड इफेक्ट्सची तीन रूपे आणि बिअरवरच्या कराचा एक डेटा

पॅनेल डेटावर पेपर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एका टप्प्यावर अडतो. टेबलात तीन-चार स्तंभ तयार असतात, गुणांक एकमेकांशी जुळत नाहीत, आणि निष्कर्षात कोणता आकडा लिहायचा ते ठरत नाही. बहुतेकदा शेवटचा स्तंभ निवडला जातो, कारण त्यात सगळ्यात जास्त फिक्स्ड इफेक्ट्स असतात. मला ही निवड चुकीच्या जागी होते असे वाटते. आधी विचारायला हवे की प्रत्येक स्तंभात गुणांक नेमक्या कोणत्या हालचालीवरून येतो. हे नीट दिसावे म्हणून वर्गात नेहमी वापरला जाणारा एकच डेटा घेऊ: अमेरिकेतील ४८ राज्ये, १९८२ ते १९८८ ही सात वर्षे, एकूण ३३६ निरीक्षणे. एका बाजूला दर दहा हजार लोकांमागे रस्ता अपघातातील मृत्यू, दुसऱ्या बाजूला बिअरच्या एका पेटीवरचा कर, महागाई वजा करून, डॉलरमध्ये. R मधल्या `AER` पॅकेजात तो `Fatalities` या नावाने मिळतो.

पहिला पर्याय म्हणजे सगळी निरीक्षणे एकत्र करून केलेले सरसकट रिग्रेशन. गुणांक येतो ०.३६, प्रमाण त्रुटी ०.०५. म्हणजे कर जास्त तिथे मृत्यू जास्त. कुणी याचा अर्थ ‘कर वाढवला की माणसे मरतात’ असा लावणार नाही. अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना अशा दक्षिणेकडच्या राज्यांत बिअरवरचा कर जास्त होता, आणि रस्ते, ग्रामीण वस्ती, गाड्या चालवण्याच्या सवयी अशा अनेक बाबतींत ही राज्ये इतरांहून वेगळी होती. हा स्तंभ मुख्यतः एका राज्याची दुसऱ्याशी तुलना करतो. टेबलात तो जरूर ठेवा, पण पुढचे चिन्ह का उलटले हे वाचकाला कळावे एवढ्यासाठीच.

दुसरा पर्याय राज्यांचे फिक्स्ड इफेक्ट्स. प्रत्येक राज्याच्या कराची सात वर्षांची सरासरी त्याच्या दर वर्षीच्या करातून वजा होते, मृत्युदराचेही तसेच. आता गुणांक उणे ०.६६. तिसऱ्या पर्यायात वर्षांचे इफेक्ट्सही येतात आणि गुणांक उणे ०.६४ होतो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असल्याने ‘निकाल स्थिर आहे’ असे लिहून पुढे जायचा मोह होतो. मी इथे थांबायला सांगेन, कारण खरी गोष्ट गुणांकात नसून करात आहे.

अलाबामाच्या ओळी उघडून पाहा. करापुढे मी जीडीपी डिफ्लेटर ठेवला आहे (१९८७ = १००), आणि दोन्हींचा गुणाकार शंभराने भागून छापील कर, म्हणजे कायद्यात लिहिलेला कर, काढला आहे.

| वर्ष | डेटातला कर | डिफ्लेटर | छापील कर |
|---|---|---|---|
| १९८२ | १.५३९ | ८३.८ | १.२९ |
| १९८३ | १.७८९ | ८७.२ | १.५६ |
| १९८५ | १.६५३ | ९४.४ | १.५६ |
| १९८८ | १.५०१ | १०३.९ | १.५६ |

मधली वर्षेही हेच सांगतात. १९८२ नंतर कर एकदा वाढला, आणि पुढे सहा वर्षांत विधिमंडळाने त्याला हातही लावला नाही. तरीही डेटात तो दर वर्षी हलतो, कारण पेटीमागे ठरावीक सेंट असा हा कर महागाईने झिजत गेला. राज्याच्या आतला फरक म्हणून आपण जो वापरतो, त्याचा मोठा भाग इथे कुणी घेतलेला निर्णय नाही. तो कुणी निर्णय न घेतल्याचा परिणाम आहे.

यातून पुढची गोष्ट निघते. कर न बदललेले दुसरे एखादे राज्य धरा, जिथे तो पेटीमागे फक्त दहा सेंट आहे. महागाई दोघांनाही तितकीच, पण तिथे झीज दोनेक सेंटची आणि अलाबामात जवळपास २९ सेंटची. राज्याचा गुणांकावरचा प्रभाव या हालचालीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. फक्त राज्यांचे इफेक्ट्स असतील तर १.५६ डॉलरच्या राज्याचे वजन दहा सेंटच्या राज्याच्या सुमारे २४० पट भरते. म्हणजे ‘४८ राज्यांवरून काढलेला सरासरी परिणाम’ हे वाक्य कागदावर बरोबर असले तरी आतून निकाल मूठभर जास्त कराची राज्येच ठरवतात.

वर्षांचे इफेक्ट्स घातल्यावर महागाई निघून जाईल असे वाटते. ती जात नाही. कर डॉलरमध्ये असेपर्यंत झीज प्रत्येक राज्यात वेगळी असते, आणि वर्षाचा इफेक्ट फक्त सर्वांना समान असलेला भाग काढतो. छापील कर न बदललेल्या राज्यांत उरलेली हालचाल अशी असते:

```
(N_i - mean(N)) * (1/P_t - mean(1/P))
```

`N_i` हा राज्याचा छापील कर, `P_t` डिफ्लेटर. याचा सरळ अर्थ असा की तिसरा स्तंभ हा बराचसा एकच प्रश्न विचारतो: ऐंशीच्या दशकात जास्त कराच्या राज्यांचा मृत्युदर कमी कराच्या राज्यांच्या तुलनेत कुठल्या दिशेने सरकला? दक्षिणेकडे या वर्षांत दुसरे काही वेगळ्या गतीने बदलत असेल, तर तेही याच गुणांकात येऊन बसते. राज्याचा फिक्स्ड इफेक्ट सात वर्षे न बदलणाऱ्या गोष्टी काढतो. वेगळ्या चालीने बदलणाऱ्या गोष्टींवर त्याचा इलाज नाही. ही भीती केवळ पुस्तकी नाही. बेकारी, उत्पन्न, पिण्याचे किमान वय, शिक्षेचे नियम आणि गाड्यांचा प्रवास हे चल घातले की गुणांक उणे ०.४५ वर येतो (प्रमाण त्रुटी ०.३०). त्यातली बेकारी आणि उत्पन्न काढली की तो परत उणे ०.६९ होतो. म्हणजे तो हलतो तो राज्याच्या आर्थिक स्थितीबरोबर.

अलाबामातच या दोन प्रकारच्या हालचाली वेगळ्या करून पाहता येतात. १९८३ ते १९८८ मध्ये कर २९ सेंटने झिजला. उणे ०.६६ प्रमाणे मृत्युदर ०.१९ ने वाढायला हवा. प्रत्यक्षात तो २.३५ वरून २.४९ झाला, म्हणजे दिशा जुळते. पण १९८२ ते १९८३ मध्ये, जेव्हा कर खरोखर वाढवला गेला आणि डेटातला आकडा २५ सेंटने वर गेला, तेव्हा मृत्युदर घटण्याऐवजी २.१३ वरून २.३५ झाला. एका राज्याच्या एका वर्षावरून काहीच सिद्ध होत नाही. पण ज्याला धोरणाबद्दल बोलायचे आहे, त्याने झीज आणि करवाढ एकाच गुणांकात मिसळू नयेत, एवढे यावरून नक्की कळते.

म्हणून मी चौथा स्तंभ मागते, आणि तो बहुतेक मसुद्यांत नसतो: कराचा लॉग आणि दोन्ही इफेक्ट्स. लॉग घेतला की डिफ्लेटर वजाबाकीत जातो, सर्व राज्यांत सारखा होतो, आणि वर्षांचे इफेक्ट्स तो पूर्ण गिळतात. उरतात फक्त कायद्याने झालेले बदल. लॉग की पातळी, हा प्रश्न आपण फंक्शनच्या आकाराचा समजतो. इथे मात्र त्यावर गुणांक कोणत्या हालचालीवरून येतो हेच ठरते. छापील कर तसाच पातळीत वापरला तरी तीच हालचाल उरते.

तेव्हा निवड कशी करायची? ‘विधिमंडळाने कर वाढवला तर मृत्यू किती घटतील’ हा तुमचा प्रश्न असेल, तर लॉगचा किंवा छापील कराचा स्तंभ पुढे ठेवा. सात वर्षांत किती राज्यांनी कर खरोखर बदलला ते मोजून लिहा. संख्या थोडी असेल तर त्रुटी मोठी येईल, आणि ती मोठीच दाखवली पाहिजे. ‘बिअर हळूहळू स्वस्त होत गेली तर काय होते’ हा प्रश्न असेल, तर डॉलरमधला तिसरा स्तंभ चालेल. पण मग जास्त आणि कमी कराच्या राज्यांची आधीपासूनची चाल सारखी होती, हे दाखवण्याची जबाबदारी तुमची. फक्त राज्यांचे इफेक्ट्स असलेला दुसरा स्तंभ मी मुख्य निकाल म्हणून कधीच ठेवणार नाही. १९८४ च्या संघीय कायद्याने महामार्गाच्या निधीचा दबाव आणला आणि १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांत पिण्याचे किमान वय २१ झाले. कर झिजण्याची वर्षे तीच, आणि वर्षांचे इफेक्ट्स नसले की दोन्हींचे परिणाम एकाच गुणांकात मिसळतात.

आता टेबलाबद्दल. प्रमाण त्रुटी राज्यानुसार क्लस्टर केल्याशिवाय देऊ नका. राज्यात एखादे वर्ष वाईट गेले की पुढचेही बहुधा तसेच जाते, त्यामुळे सात निरीक्षणे सात स्वतंत्र पुरावे नसतात. तिसऱ्या स्तंभात साधी त्रुटी ०.२० आहे आणि टी उणे ३.२, क्लस्टर केल्यावर त्रुटी ०.३६ होते आणि टी उणे १.८ वर येतो. पाच टक्क्यांवरचा तारा गेला.

दुसरे, R². दुसरा स्तंभ राज्यांचे डमी घालून `lm` ने चालवला तर R² ०.९०५ दिसतो, आणि तोच `plm` ने चालवला तर ०.०४१. गुणांक एकच. पहिल्या आकड्यात राज्या-राज्यांमधला फरक डमींनी सांगितलेला आहे. राज्याच्या आतल्या हालचालीपैकी करावरून कळतो तो चार टक्के. दुसरा आकडा द्या आणि तो कुठला हे स्तंभाखाली लिहा.

तिसरे, परिणामाचे मोजमाप. ‘कर एक डॉलरने वाढला तर’ असे वाक्य लिहिले जाते, आणि राज्याच्या आत एक डॉलरची हालचाल कुठे दिसते ते कोणी बघत नाही. कराचे एकूण प्रमाण विचलन ०.४८ आहे, पण तो मुख्यतः राज्यांमधला फरक आहे. इफेक्ट्स काढल्यावर उरलेले विचलन दोन ओळींत मिळते:

```r
r <- resid(lm(beertax ~ state + year, data = Fatalities))
sd(r); sort(tapply(r^2, Fatalities$state, sum), decreasing = TRUE)[1:8]
```

पहिला आकडा परिणाम सांगताना एकक म्हणून वापरा. दुसऱ्या यादीतून कोणती आठ राज्ये तुमचा गुणांक ठरवत आहेत ते कळेल; ती एकेक वगळून रिग्रेशन पुन्हा चालवा आणि गुणांक कुठून कुठपर्यंत जातो ते तळटीपेत द्या.

तिसरा स्तंभ पुढे ठेवलात तर निकालाचा परिच्छेद मी साधारण असा लिहीन: ‘राज्य आणि वर्ष यांचे इफेक्ट्स धरल्यावर बिअरवरचा खरा कर दहा सेंटने कमी होण्याबरोबर मृत्युदर दर दहा हजारांमागे ०.०६ ने वाढलेला दिसतो (क्लस्टर केलेली प्रमाण त्रुटी ०.०४). या काळात करातील हालचालीचा मोठा भाग महागाईमुळे झालेली झीज आहे, आणि ती मूळ कर जास्त असलेल्या राज्यांत केंद्रित आहे. त्यामुळे हा अंदाज त्या राज्यांपुरता आणि तेवढ्याच मर्यादेतल्या बदलांपुरता वाचावा. केवळ कायद्याने झालेल्या बदलांवरचा अंदाज चौथ्या स्तंभात दिला आहे.’