वेल्ड केलेली लोखंडी चौकट की ॲल्युमिनियम प्रोफाइल?

रेसिंग गेम खेळताना सीट, स्टिअरिंग आणि पेडल ज्यावर बसवतात ती माझी पहिली चौकट भोसरीत चौकोनी लोखंडी पाइप वेल्ड करून घेतली. स्वस्तात पडली. पण लोड सेलचा ब्रेक पेडल किती सरकलं हे नाही, पाय किती जोर देतो हे मोजतो. जोरात ब्रेक दाबला की पेडलची पट्टी पुढे वाकायची आणि पायाचा अंदाज दर वळणाला चुकायचा. तिथे आडवी पट्टी वेल्ड केल्यावर ते थांबलं. म्हणजे ताकदीत लोखंड कमी नाही.

अडचण येते ती मापांची. भाऊ माझ्यापेक्षा उंच, त्याला पेडल पुढे हवीत. ४० बाय ८० मिमी प्रोफाइलमध्ये खाचेतले बोल्ट सैल करून ती सरकवता येतात, लोखंडात नवी भोकं पाडावी लागतात. घरात दोघं चालवणारे असतील तर मी प्रोफाइलच घेईन.

तीन स्क्रीनचा स्टँड मात्र दोन्हींत वेगळाच ठेवा, नाहीतर स्टिअरिंगच्या धक्क्यांनी चित्र हलतं. २७ इंची स्क्रीन सुमारे ६० सेंमी रुंद. डोळे ६५ सेंमीवर असतील तर बाजूचे स्क्रीन साधारण ५० अंश आत वळवा आणि हेच आकडे गेममध्ये भरा.